धड्याच्या व्हिडिओत थांबे आणि प्रश्न कसे बसवावेत

धड्याचा व्हिडिओ तयार आहे, त्यातील आवाज स्वच्छ आहे आणि तो सात-आठ मिनिटांहून लांब नाही, असे येथे गृहीत धरले आहे. साधन म्हणून मी H5P या संवादी धडे बनवण्याच्या मोफत व्यवस्थेतील Interactive Video हा प्रकार वापरतो. संगणकावर Lumi हा मोफत प्रोग्रॅम टाकला की त्यात हे काम इंटरनेटवाचूनही करता येते, आणि किनाऱ्यालगतच्या आमच्या गावात पावसाळ्यात त्यावाचून गत्यंतर नसते. याच कारणासाठी यूट्यूबचा दुवा देऊ नये. व्हिडिओची mp4 फाइलच त्यात चढवावी.

उदाहरणासाठी माझाच एक धडा घेतो. तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची कोकणातील रीत त्यात सांगितली आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. प्रत्येक बंदरावर ही वेळ थोडी पुढेमागे होते, पण तो या लेखाचा विषय नाही.

व्हिडिओ चढवल्यावर Add interactions या भागात जावे, व्हिडिओ हव्या त्या सेकंदावर थांबवावा, वरच्या पट्टीतून Multiple Choice निवडावे आणि प्रश्न व पर्याय लिहावेत. Display time मध्ये दोन-तीन सेकंदांचा अवधी द्यावा, Pause video वर खूण करावी आणि प्रश्न बटणाऐवजी Poster म्हणून दाखवावा, म्हणजे तो थेट पडद्यावर येतो. यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते थांबा नेमका कोठे घालायचा हे ठरवणे. ‘प्रत्येक मुद्दा संपला की एक प्रश्न घाला’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि मीही पहिले वर्षभर तो पाळला. माझ्या धड्यात कृष्ण षष्ठीचे उदाहरण सोडवताना मी 3:20 ला ‘म्हणजे साडेचारला भरती’ असे म्हणत होतो आणि 3:22 ला ‘भरती किती वाजता?’ हा प्रश्न येत होता. सगळ्या मुलांची उत्तरे बरोबर येत, मी खूश होत असे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुसरी तिथी दिली की वर्ग गप्प बसे. मुले गणित करतच नव्हती. दोन सेकंदांपूर्वी कानावर पडलेला आकडा तेवढा ती परत देत होती. तेव्हापासून माझा नियम असा आहे की थांबा उत्तर उच्चारण्याच्या आधी यावा: शिक्षकाने प्रश्न मांडावा, व्हिडिओ थांबावा, मुलाने उत्तर द्यावे आणि मगच शिक्षकाने ते सोडवून दाखवावे.

तरीही एक चूक राहिलीच होती आणि ती शोधण्यात माझे दोन दिवस गेले. प्रश्न मी 3:09 ला आणला होता. आवाजात उत्तर नव्हते, पण त्या क्षणी माझा हात फळ्यावर ‘4:30’ लिहीत होता आणि व्हिडिओ त्याच चित्रावर गोठत असल्यामुळे प्रश्नाच्या चौकटीच्या कडेने ‘4:3’ एवढे स्पष्ट दिसत होते. म्हणून थांब्याचा सेकंद ठरवताना आवाज बंद करून चित्र पाहावे आणि चित्र न पाहता आवाजही ऐकावा. वाक्य अर्ध्यावर तुटू नये यासाठी चित्रीकरण करतानाच प्रश्न मांडून झाल्यावर मनात दोन आकडे मोजावेत आणि खडू खाली ठेवून स्तब्ध उभे राहावे. ही दोन सेकंदांची शांतता नसेल, तर जुना व्हिडिओ कापत बसण्यापेक्षा तेवढा तुकडा पुन्हा चित्रित करणे सोपे जाते. आता माझा प्रश्न 3:06 ला संपतो, थांबा 3:07 ला येतो आणि फळा तेव्हा कोरा असतो.

पर्यायसुद्धा मुले खरोखर करतात त्या चुकांमधूनच निघावेत. कृष्ण षष्ठीच्या भरतीसाठी मी साडेचार, साडेदहा, सहा आणि पावणेचार असे पर्याय देतो. साडेदहा निवडणाऱ्याने ओहोटीची वेळ काढलेली असते, सहा म्हणणारा पाऊणपट करायला विसरलेला असतो आणि पावणेचार म्हणणाऱ्याने पौर्णिमेनंतर आकडा पुन्हा एकपासून न मोजता एकवीस धरलेला असतो. प्रत्येक पर्यायाखाली तो निवडल्यास दिसणारा संदेश लिहिण्याची सोय आहे. तेथे ‘चूक’ एवढेच न लिहिता ‘ही ओहोटीची वेळ झाली’ असे लिहावे.

यानंतर Adaptivity हा भाग येतो. चुकलेल्या मुलाला व्हिडिओत मागे कोठे न्यायचे ते Action on wrong मधील Seek to या रकान्यात लिहावे. मी सुरुवातीला 3:05 लिहिले होते. मुलांना प्रश्नाचे शेपूट ऐकू येई आणि लगेच पुन्हा प्रश्न समोर येई. चार पर्यायांतून एकामागून एक दाबत गेले की चौथ्या खेपेस सुटका ठरलेलीच! आता मी 1:50 देतो, कारण पाऊणपटीचा नियम तेथून सुरू होतो. सव्वा मिनिट पुन्हा पाहावे लागते म्हटल्यावर अंदाजाने दाबणे परवडत नाही. मात्र दीड मिनिटाहून मागे नेऊ नये, मूल कंटाळून व्हिडिओच बंद करते. एका प्रश्नाला मागे जाण्याचे ठिकाण एकच देता येते, पर्यायागणिक वेगळे नाही, त्यामुळे एका प्रश्नात दोन संकल्पना कोंबू नयेत. परतीच्या बटणावर ‘पुन्हा पाहू या’ असे मराठीत लिहावे आणि उत्तर दाखवणारे बटण प्रश्नाच्या सेटिंगमधून बंद करावे.

पूर्ण गुण मिळाल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी Require full score ही खूण मी फक्त एका प्रश्नावर ठेवतो. एकदा ती सगळीकडे केली होती आणि घाईत एका प्रश्नात ‘बरोबर’ची खूण भलत्याच पर्यायावर पडली होती. बरोबर उत्तर देणारी सगळी मुले त्या जागी अडकली आणि संध्याकाळपर्यंत पालकांचे फोन येत राहिले.

गुण नसलेला साधा थांबा Text वापरून घालावा. ‘घरातील दिनदर्शिकेत आजची तिथी पाहा आणि भरतीची वेळ वहीत मांडा’ हे वाक्य आणि Pause video ची खूण एवढे पुरते. सात मिनिटांत असा एक थांबा आणि दोन प्रश्न याहून अधिक घालू नये.

शेवटी फाइल बाहेर काढताना Lumi एकच HTML फाइल किंवा एक फाइल व सोबत व्हिडिओ वेगळा, असे पर्याय देते. एकाच फाइलीत कोंबलेला व्हिडिओ सुमारे एक तृतीयांशाने फुगतो आणि साध्या फोनवर उघडता उघडत नाही, म्हणून शाळेच्या संगणकासाठी मी दुसरा पर्याय घेतो आणि सगळे फोल्डर पेन ड्राइव्हवर देतो. देण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नाचे प्रत्येक चुकीचे उत्तर स्वतः निवडून पाहावे. माझ्या धड्यात ते सहा वेळा मागे जाणे होते आणि चहाचा एक कप संपेपर्यंत उरकते.