राजीनामा टाकायच्या आधी ईसॉपची तयारी

नवीन ऑफर हातात आली की आधी राजीनाम्याचा मेल लिहायला बसतात लोक, आणि ईसॉपचं, म्हणजे कंपनीने दिलेल्या शेअर घ्यायच्या ऑप्शन्सचं, काय करायचं ते शेवटच्या आठवड्यात बघतात, तेव्हा बरंच काही हातातून गेलेलं असतं. कंपनी अजून शेअर बाजारात लिस्ट झालेली नसेल तर हे जास्तच लागू होतं, म्हणून ही तयारी किमान दोन महिने आधी सुरू करा.

पहिलं काम म्हणजे कागद गोळा करणं. ग्रँट लेटर आणि ईसॉप प्लॅन असे दोन वेगळे कागद असतात, ग्रँट लेटरमध्ये तुमच्या ऑप्शन्सचा आकडा, स्ट्राइक प्राइस म्हणजे शेअर ज्या ठरलेल्या किमतीला घेता येईल ती, आणि वेस्टिंगचं म्हणजे ऑप्शन्स टप्प्याटप्प्याने तुमचे होण्याचं वेळापत्रक असतं, आणि नोकरी सोडल्यावर काय होणार ते बहुतेक वेळा प्लॅनमध्ये असतं. दोन्हीची कॉपी स्वतःकडे डाउनलोड करून ठेवा, कारण लास्ट वर्किंग डे संपला की ऑफिसचा मेल आणि बरेचदा पोर्टलचं लॉगिनही बंद होतं.

मग वेस्टिंगच्या तारखा कॅलेंडरवर मांडा. एक उदाहरण घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो, चलन मुद्दाम लिहीत नाही, तुमचं तुम्ही लावा. समजा 4800 ऑप्शन्स मिळालेत, स्ट्राइक 20, चार वर्षांचं वेस्टिंग, एक वर्षाचा क्लिफ. म्हणजे पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत शून्य, त्या दिवशी एकदम 1200, आणि नंतर दर महिन्याला 100. तुम्ही 30 महिन्यांनी सोडताय, तर 1200 आणि पुढच्या 18 महिन्यांचे 1800, असे 3000 वेस्ट झाले, उरलेले 1800 कंपनीकडे परत जातात. आता इथे दिवस मोजा. माझे मागच्या नोकरीत वेस्टिंगच्या एका टप्प्याचे ऑप्शन्स फक्त सहा दिवसांनी हुकले, कारण लास्ट वर्किंग डे ठरवताना मी फक्त नवीन जॉइनिंगची तारीख बघितली होती, आणि एचआरला मागितलं असतं तर तो आठवडा सहज मिळाला असता याचं अजून वाईट वाटतं. क्लिफच्या तोंडावर असाल तर हीच चूक पूर्ण वर्षाची पडते. आणि हेही विचारून घ्या की नोटिस पिरियडमध्ये वेस्टिंग चालू राहतं की राजीनामा दिला त्याच दिवशी थांबतं, दोन्ही प्रकारचे प्लॅन असतात.

आता विंडो. वेस्ट झालेला ऑप्शन म्हणजे शेअर नाही, तो फक्त 20 ला शेअर विकत घ्यायचा हक्क आहे, आणि नोकरी सोडल्यावर तो हक्क वापरायला ठरावीक मुदत मिळते, बऱ्याच ठिकाणी 90 दिवस, काही कंपन्या काही वर्षं सुद्धा देतात. मुदत गेली की ऑप्शन्स लॅप्स, मग तुम्ही तिथे किती वर्षं घासली याला काही अर्थ उरत नाही. मुदत नक्की कुठल्या तारखेपासून मोजतात ते मेलवर लेखी घ्या, तोंडी नको.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेकजण तेच करत नाहीत. ते म्हणजे किती रोख लागणार याचा हिशोब. पोर्टलवर आकडा दिसतो 4800 गुणिले आजची किंमत 120, म्हणजे 5,76,000, आणि माणूस मनात तोच धरून बसतो. पण तुमचे आहेत 3000, आणि प्रत्येकी फायदा 120 वजा 20 म्हणजे 100, म्हणजे 3,00,000. आता एक्सरसाइज करायला, म्हणजे तो हक्क वापरून शेअर घ्यायला, 3000 गुणिले 20, असे 60,000 कंपनीला भरायचे. एवढ्यावर थांबत नाही, कारण भारतासकट बऱ्याच देशांत एक्सरसाइजच्या दिवशीचा हा 3,00,000 चा फरक पगारासारखंच उत्पन्न धरतात, एकही शेअर विकलेला नसला तरी. 30 टक्के दर धरला तर 90,000 टॅक्स. म्हणजे खिशातून गेले 1,50,000, आणि बदल्यात असे शेअर मिळाले जे आज कुणाला विकता येत नाहीत.

म्हणून तुमची खरी खरेदी किंमत 20 नाही, 50 आहे (1,50,000 भागिले 3000). हा एक आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि निर्णय त्याच्यावर घ्या. पुढे शेअर 40 ला गेला आणि तेव्हा विकावा लागला तर हातात येतात 1,20,000, म्हणजे 30,000 चा थेट तोटा, आणि जो 3,00,000 चा फायदा कधी हातात आलाच नाही त्याच्यावरचा टॅक्स तर आधीच भरून झालाय. विक्रीतला तोटा भारतात पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, अमेरिकेत वर्षाला फक्त 3,000 डॉलरपर्यंत करता येतो, त्यामुळे तो टॅक्स वसूल होईल या आशेवर राहू नका.

देशागणिक बारकावे बदलतात ते आधीच तपासा. भारतात पात्र स्टार्टअप्सच्या कर्मचाऱ्यांना हा टॅक्स पुढे ढकलायची सवलत आहे, पण नोकरी सोडली की ती संपते, म्हणजे आधी एक्सरसाइज करून ठेवलं असेल तर राजीनाम्याबरोबर जुना टॅक्सही दारात उभा राहतो. अमेरिकेत आयएसओ नावाच्या, टॅक्सची सवलत असलेल्या ऑप्शन्सवर एक्सरसाइजला नेहमीचा टॅक्स लागत नाही, पण एएमटी हा पर्यायी किमान टॅक्स लागू शकतो, आणि सोडल्यावर तीन महिन्यांत एक्सरसाइज नाही केलं तर तो फायदा जातो.

120 हा आकडा आला कुठून तेही विचारा. टॅक्ससाठीचं व्हॅल्युएशन वेगळं असतं आणि शेवटच्या फंडिंग राउंडची किंमत वेगळी, कारण इन्व्हेस्टर्सकडे प्रेफरन्स शेअर असतात आणि कंपनी विकली गेली तर बहुतेक वेळा पैसे आधी त्यांना मिळतात. त्यांनी 40 कोटी घातलेत आणि कंपनी 45 कोटींना गेली, तर साध्या प्रेफरन्समध्येही ते आधी आपले 40 काढून घेऊ शकतात, मग बाकी सगळ्यांसाठी 5 कोटी उरतात. बातमीत विक्रीचा आकडा मोठा दिसतो आणि कर्मचाऱ्यांच्या शेअरला जवळपास काहीच मिळत नाही, ते यामुळे.

एवढं झाल्यावर किती एक्सरसाइज करायचे ते ठरवा. सगळे किंवा काहीच नाही असं नसतं, बहुतेक प्लॅनमध्ये थोडे करता येतात. 1000 केले तर 20,000 अधिक 30,000 टॅक्स, म्हणजे 50,000 लागतील. माझं मत विचाराल तर जेवढी रक्कम पूर्ण बुडाली तरी घर चालेल तेवढेच करा, आणि त्यासाठी कर्ज अजिबात काढू नका. कंपनी बायबॅक कधी करते का, म्हणजे शेअर स्वतः परत विकत घेते का, शेअर बाहेर विकायला बोर्डाची परवानगी लागते का, हेही याच वेळी विचारा.

आणि एक्सरसाइज झाल्यावर शेअर सर्टिफिकेट किंवा डिमॅटमधली नोंद, पैसे भरल्याची पावती आणि त्या दिवशीचं व्हॅल्युएशन असलेला टॅक्सचा कागद, तिन्ही एकत्र ठेवा. कारण आपल्या उदाहरणात पुढे कधी 200 ला विकले तर नफा 120 पासून धरायचा, 20 पासून नाही. तो कागद नसेल तर शेअरमागे जे 100 आधीच पगारात धरून टॅक्स कापला गेलाय, त्याच्यावर परत एकदा टॅक्स भरायची वेळ येते.