चौरंगाभोवती केळीच्या खुंटांचा मांडव: डगमगू नये म्हणून काय करावे

सत्यनारायणाला चौरंगाच्या चार पायांना केळीचे खुंट बांधले की झाले, असे वाटते. पण पूजा सुरू होण्याआधीच एखादा खुंट कलतो. केळ पाण्याने भरलेली, वजनदार आणि मऊ असते. सुतळी तिच्यात रुतते, सोपटे जरा सुकली की गाठ सैल पडते. म्हणून मांडवाचा भार उसावर टाकायचा आणि केळ फक्त शोभेला लावायची.

दोन फुटी चौरंग धरू. वाढ्यांसकट सहा-सात फुटांचे चार ऊस, आडव्या दांड्यांसाठी आणखी दोन ऊस आणि पानांसह तीन-चार फुटांचे चार खुंट लागतील. खुंट आदल्या संध्याकाळी आणले तर बुडखे बादलीभर पाण्यात ठेवा, पाने तरतरीत राहतात. उसाचे वाळलेले पाचट काढून टाका. समईजवळ ते नको, शिवाय त्याच्या कडा हात कापतात.

चौरंग आधी जागेवर ठेवा, बांधल्यावर तो सरकवता येत नाही. प्रत्येक पायाला बाहेरून एक ऊस दोन ठिकाणी बांधा: फळीच्या लगेच खाली आणि पायाच्या तळाशी. एकाच ठिकाणी बांधलेला ऊस फिरतो. तरीही पाय जेमतेम फूटभर उंच, त्यामुळे वरची टोके हलणारच. त्यासाठी जमिनीपासून चार फुटांवर चारही उसांना आडव्या दांड्या बांधून चौकट करा. सुतळीची गाठ कांड्याच्या मधोमध नको, उसाच्या फुगीर पेराच्या लगेच वर मारा, म्हणजे ती खाली सरकत नाही. मग चौघांची वाढी मध्यभागी ओढून एकत्र बांधा. शेंडे लवचीक असतात, पण खालचा ऊस वाकवू नका, मोडेल. आता वरची चौकट हाताने हलवून पाहा. एका बाजूला झुकत असेल तर शेंड्यांची गाठ सैल आहे.

यानंतर खुंट. बुडखा सपाट कापा, त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा आणि खुंट उसाला टेकवून रुंद पट्टीने किंवा केळीच्याच सोपटाने तीन जागी बांधा. पिशवीचा कंटाळा करू नका. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जात नाही, फरशीवरचा मात्र लगेच पुसला तर निघतो.

तोरण तीनच बाजूंना पुरे, मागची बाजू तशीही भिंतीकडे असते. दोन फुटांच्या बाजूला आंब्याची सात-आठ सारख्या लांबीची पाने घ्या, प्रत्येकाचा देठ सुतळीवरून दुमडून टाचा आणि दोन पानांच्या मध्ये एक झेंडू ओवा. सुई हिरव्या बोंडातून घाला, पाकळ्यांतून घातली तर फूल गळते. झेंडू पाणी मारलेला असेल तर आधी निथळू द्या, ओली माळ वजनाने मधोमध लोंबते.

समई चौकटीच्या बाहेर ठेवा, वर कुठलेही पान येणार नाही अशी. उसाच्या कापलेल्या टोकांना मुंग्या लवकर लागतात. नैवेद्याचे ताट त्यांच्यापासून लांब मांडा.

उत्तरपूजेनंतर सोडताना वरून खाली या: आधी शेंडे, मग तोरण, चौकट आणि शेवटी पायांच्या गाठी.