पिवळी पिनवाला सेट-टॉप बॉक्स आणि फक्त एचडीएमआय असलेला टीव्ही: या चुका टाळा

जुना टीव्ही गेला, नवा भिंतीवर चढला, आणि डीडी फ्री डिशचा जुना बॉक्स हातात घेतल्यावर लक्षात आलं की त्याच्या मागे पिवळी, लाल, पांढरी अशी तीनच भोकं आहेत; टीव्हीला मात्र एचडीएमआयशिवाय काही दिसत नाही. इथून पुढे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा घाईने.

पहिली घाई म्हणजे टीव्हीची मागची बाजू नीट न बघणं. तीन रंगांची भोकं नसली तरी बऱ्याच टीव्हींना हेडफोनच्या भोकासारखं एकच गोल भोक असतं आणि शेजारी बारीक अक्षरात `AV IN` लिहिलेलं असतं. त्यासाठीची छोटी वायर कधी टीव्हीच्या खोक्यातच मिळते आणि खोक्याबरोबर रद्दीत जाते. काही टीव्हींवर हिरव्या भोकालाच पिवळी पिन चालते. तिथे `VIDEO` असंही छापलेलं असतं. यातलं काहीही सापडलं तर पुढचा खटाटोप करायची गरज नाही. हेडफोनचं भोक मात्र आवाज बाहेर देण्यासाठी असतं, तिथे बॉक्स जोडून काही होत नाही.

काहीच सापडलं नाही, तर कन्व्हर्टर लागतो. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेल्या साध्या वायरला. दिसायला अगदी हवी तशीच असते आणि स्वस्तही. पण पिवळ्या पिनेतून येतो तो अ‍ॅनालॉग सिग्नल, आणि एचडीएमआयला लागतो डिजिटल. हे रूपांतर करायला मध्ये चिप लागते आणि चिपेला वीज लागते. ज्या वायरीला वीज द्यायची सोयच नाही, ती या कामाची नाही.

कन्व्हर्टरची डबी घेतानाही दिशा बघावी लागते. `AV2HDMI` आणि `HDMI2AV` या दोन डब्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, काम मात्र बरोबर उलटं करतात. आपल्याला पहिली हवी. नावावर भरवसा नसेल तर भोकांजवळचं छापील बघा: तीन रंगीत भोकांकडे `INPUT` आणि एचडीएमआयकडे `OUTPUT` असायला हवं. साधारण तीनशे ते पाचशे रुपयांत ही डबी मिळते. एचडीएमआय केबल बरोबर येतेच असं नाही, ती विचारून घ्या.

आता जोडणी. सगळं बंद करून बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी वायर डबीच्या त्याच रंगांत, डबीतून एचडीएमआय केबल टीव्हीत, आणि डबीची वीज मोबाइलच्या ५ व्होल्ट, १ अ‍ॅम्पिअरच्या चार्जरवर. बरेच जण डबीची वायर टीव्हीच्या यूएसबीत खुपसतात. कधी कधी चालतंही. पण यूएसबी २.० चं साधं भोक ०.५ अ‍ॅम्पिअरपर्यंतच वीज द्यायला बांधलेलं असतं, आणि डबीला ती कमी पडली की चित्र येतं-जातं किंवा पडदा मध्येच काळा होतो. मग माणूस डबीला दोष देतो. आधी ती चार्जरवर लावून बघा.

चित्र आलं नाही तर सगळ्या वायरी उपटून परत लावत बसू नका. पडदा काय दाखवतोय ते बघा. टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणतोय, म्हणजे डबीपासून टीव्हीपर्यंत काहीतरी अडलंय: डबीचा दिवा लागलाय का, टीव्हीवर बरोबर एचडीएमआय क्रमांक निवडलाय का, केबल पूर्ण आत गेलीय का, एवढंच तपासायचं. पण पडदा कोरा निळा झाला असेल, तर ती बरी खूण आहे. बहुतेक डब्या आत चित्र येत नसेल तेव्हा स्वतःहून निळा पडदा पाठवतात (काही काळा पाठवतात). म्हणजे डबी, वीज आणि एचडीएमआय तिन्ही ठीक आहेत. घोळ आहे तो बॉक्स आणि डबीच्या मध्ये.

उदाहरण घ्या. टीव्हीवर निळा पडदा आहे आणि स्पीकरमधून जोरात घरघर येतेय. घरघर म्हणजे चित्राचा सिग्नल आवाजाच्या भोकात शिरलाय. पिना अदलाबदल झाल्या की हेच होतं. आता समजा रंगाला रंग बरोबर लावलेत आणि तरीही घरघर आहे. मग बॉक्सकडचं टोक बघा. तिथे तीन भोकांऐवजी एकच गोल भोक असेल, तर त्या वायरीचा घोळ आहे. या वायरींच्या आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि दुसऱ्याच कुठल्या बॉक्सची वायर लावली की चित्र लाल किंवा पांढऱ्या पिनेतून बाहेर पडतं. तेव्हा डबीच्या पिवळ्या भोकात आधी लाल, मग पांढरी पिन लावून बघा. एखाद्या पिनेवर चित्र आलं की उरलेल्या दोन आवाजाला. कोणत्याच पिनेवर नाही आलं, तर वायरीतली अर्थिंगच दुसरीकडे आहे आणि त्या बॉक्सचीच वायर शोधावी लागेल.

चित्र आलं, पण माणसं बुटकी-जाडी दिसतायत आणि वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत? बॉक्स ४:३ वर आहे आणि डबी ते चित्र ताणून पूर्ण पडदा भरतेय. बॉक्सच्या सेटिंगमध्ये १६:९ करा. तिथेच `PAL` हा पर्याय ठेवा. आपल्याकडचं प्रसारण त्याच पद्धतीचं. बातम्यांच्या खालची पट्टी कापली जात असेल, तर ते टीव्हीचं काम. पिक्चर सेटिंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ अशा नावाचा पर्याय असतो.

डबीवरच्या ७२० आणि १०८० च्या बटणाकडून फार अपेक्षा ठेवू नका. पिवळ्या पिनेतून वरपासून खालपर्यंत ५७६ आडव्या ओळींचंच चित्र येतं. १०८० केल्याने ते मोठं होतं, नवा बारकावा येत नाही. ४३ इंची पडद्यावर ते मऊ, पुसट दिसणारच. टीव्हीची शार्पनेस वाढवली की उलट अक्षरांभोवती पांढरी कड येते, ती कमी केलेलीच बरी. आणखी एक दोष कुठल्याच सेटिंगने जात नाही: आपलं प्रसारण सेकंदाला ५० वेळा चित्र बदलण्याच्या तालात येतं आणि स्वस्त डब्या बहुधा ६० च्या तालात बाहेर देतात. त्यामुळे बातम्यांची धावती पट्टी किंचित धक्के खात सरकते. बातम्या आणि मालिका बघणाऱ्याला हे चालून जातं, क्रिकेटवाल्याला खटकेल.

म्हणूनच डबी विकत घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. बॉक्स केबलवाल्याचा किंवा पैसे भरून घेतलेल्या डिशचा असेल, तर एचडीएमआयवाला बॉक्स बदलून मिळतो का आणि किती पैशांत? बाहेरून आणलेला बॉक्स तिथे चालत नाही, तो त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. फ्री डिशचा असेल, तर बाजारात एमपेग-४ बॉक्स मिळतात, त्यांना एचडीएमआय असतं, आणि जुन्या एमपेग-२ बॉक्सवर न दिसणारे काही चॅनेलही त्यावर येतात. छत्री आणि वायर तीच राहते. माझ्या मते फ्री डिशवाल्याने डबीचे पैसे त्यातच घालावेत. डबी खरी उपयोगी आहे ती बदलून देणारं कुणीच उरलेलं नाही अशा बॉक्सला, किंवा त्याच टीव्हीवर जुना डीव्हीडी प्लेअरही लावायचा असेल तर.