माइंड मॅप काढताय? मग निदान या चुका टाळा

बँकेत नोकरी करून जेएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षेची तयारी करणारी मंडळी शनिवारी दादरला माझ्याकडे येतात. हल्ली प्रत्येकाच्या पिशवीतून रंगीबेरंगी माइंड मॅप निघतो. दिसायला झकास, पण प्रश्न विचारला की त्यातले बरेचसे गप्प.

सगळ्यात जास्त चिडचिड होते ती मुक्या रेघांची. कल्याणहून येणाऱ्या एका मुलीने चलनविषयक धोरणाचा नकाशा आणला होता. मधोमध रिझर्व्ह बँक, भोवती रेपो, सीआरआर, एसएलआर, महागाई आणि पतधोरण समिती, अशा पाच फांद्या. समितीखाली ‘6 सदस्य’, महागाईखाली ‘लक्ष्य 4 टक्के, 2 टक्के खाली-वर’. एकही आकडा चुकलेला नव्हता. मी विचारलं, “रेपो वाढवला तर महागाई कमी का होते?” ती कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, “सर, दोन्ही आहेत की यात.” होते खरे, पण एक फांदी दादरला तर दुसरी थेट बोरिवलीला. मधे रेघच नव्हती.

माइंड मॅपची घडणच तशी असते. मधून फांद्या फुटत जातात आणि फांद्यांचं एकमेकींशी नातं आपण मुद्दाम जोडलं नाही तर ते दिसतच नाही. कायद्यातल्या व्याख्या किंवा प्रकार पाठ करायचे असतील तर हे चालतं. जिथे एकामुळे दुसरं घडतं, तिथे कन्सेप्ट मॅप घ्यावा. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी 1970च्या दशकात तो रुजवला आणि त्यात रेघेवर शब्द लिहावाच लागतो. माझा नियम आणखी हट्टी आहे: रेघेवर क्रियापद हवंच. ‘संबंधित’ हा शब्द मी खोडून टाकतो.

मग तिच्याकडून नवा कागद काढून घेतला. रेपो वाढतो, त्यामुळे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून रोखे तारण ठेवून घ्यायचं अल्पमुदतीचं कर्ज महागतं. बँका कर्जाचे दर वाढवतात. लोक घर, गाडी पुढे ढकलतात, मागणी थंडावते आणि भाववाढीचा जोर ओसरतो. प्रत्येक बाणावर ‘महागतं’, ‘वाढवतात’, ‘ढकलतात’ असं लिहायला लावलं. दुसऱ्या बाणाशी ती अडली, कारण सगळी कर्जं एकाच वेळी महागत नाहीत. ऑक्टोबर 2019पासूनची बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, ती पटकन हलतात. स्थिर दराची कर्जं हलत नाहीत. म्हणून तिथे बाण दोन झाले. शेवटी महागाईकडून समितीकडे परतीचा बाण काढला आणि नकाशा गोल फिरला. मग तीच म्हणाली, “पण अवकाळीने कांदा महागला तर?” बरोबर! पीकच नासलं तर रेपो वाढवून कांदा येत नाही. तिथवर हा बाण पोचतच नाही. तेही तिने कोपऱ्यात लिहिलं. जुन्या नकाशात असा प्रश्न पडायला जागाच नव्हती.

दुसरी चूक म्हणजे पुस्तक उघडं ठेवून नकाशा काढणं. ही निव्वळ नक्कल झाली. कार्पिके आणि ब्लंट या मानसशास्त्राच्या संशोधकांचा 2011चा प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. त्यात मजकूर समोर ठेवून कन्सेप्ट मॅप काढणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्याभराने जास्त येत होतं. पुढे त्यांनीच दाखवलं की नकाशाही आठवून काढला तर तो तेवढाच उपयोगी पडतो. म्हणजे खोट नकाशात नाही, उघड्या पुस्तकात आहे. माझी सवय अशी: धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, निळ्या पेनाने आठवेल ते काढायचं. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरायचं. लाल जितकं जास्त, तितकं कच्चं. दोन-तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा तेच. याचा लोकांना कंटाळा येतो. त्यांना दुसऱ्याचा तयार नकाशा व्हॉट्सअॅपवर हवा असतो. मी पाठवत नाही.

बाकी किरकोळ. संपूर्ण अभ्यासक्रम एका कागदावर कोंबू नका. एक प्रश्न, एक नकाशा. अॅप शिकण्यात रविवार घालवू नका. गाडीत उभं राहून नकाशा बघत असाल तर एखादा चौकोन अंगठ्याने झाकून तिथे काय होतं ते आठवा. आणि रेपो, सीआरआरचे चालू दर नकाशात पेनाने लिहू नका. ते बदलतात, पेन्सिल वापरा.