रेटिंग दीड हजारावर अडकलंय? या चुका टाळा

दर रविवारी दुपारी सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे बुद्धिबळ खेळणारे पाच-सहा जण येतात. कुणी अकरावीतलं, कुणी बँकेतलं, एक तर मिरजेहून सायकलवर येतो. सगळ्यांचं दुखणं एकच: वर्ष-दीड वर्ष रेटिंग १५०० ते १६०० मध्ये घुटमळतंय. आणि सगळ्यांनी निदानही घरूनच करून आणलेलं असतं, "सर, माझं ओपनिंग कच्चं आहे."

मी म्हणतो, हरलेल्या डावांच्या स्कोअरशीट दाखव. बहुतेकांकडे त्या नसतात. असल्याच तर चुरगळून बॅगेच्या तळाशी, भडंगाच्या पुडीसोबत.

सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात राहून हरलेला डाव जपून ठेवायची सवय नसावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ओपनिंगवर खापर फोडणं

या चुकीवर मी हक्काने बोलतो, कारण दोन वर्षं मीही तेच केलं. काळ्याकडून हरलो की सिसिलियन सोडून फ्रेंच, फ्रेंचमध्ये हरलो की कारो-कान. प्रत्येक वेळी नवा कोर्स, नवी वही. रेटिंग होतं तिथंच.

मग एका पावसाळ्यात कंटाळून मागच्या वर्षाचे हरलेले अठरा डाव काढले आणि प्रत्येकात एकच गोष्ट शोधली: डाव नेमका कुठल्या चालीला हातातून गेला? ओपनिंगमध्ये गेलेले निघाले दोन. सात डावांत समोरच्याची सरळ चाल मी पाहिलीच नव्हती. चार घड्याळाने खाल्ले. आणि पाच डाव हत्तींच्या एंडिंगमध्ये गेले, त्यातल्या तीन डावांत तर बरोबरी समोर वाढून ठेवलेली होती.

त्या तिनातला एक अजून डोळ्यांसमोर आहे. साताऱ्याची स्पर्धा, शेवटून दुसरी फेरी, ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद. समोर कराडचे एक निवृत्त काका, चार तास झाले तरी पाठ ताठ. माझ्याकडे काळी मोहरी: राजा e8 वर, हत्ती b1 वर. त्यांचा राजा f5, प्यादं e5, हत्ती a7. चाल माझी. घरी मांडून बघायची असेल तर ही ओळ कुठल्याही बुद्धिबळाच्या ॲपमध्ये टाका:

```
4k3/R7/8/4PK2/8/8/8/1r6 b - - 0 1
```

मी विचार केला, शेवटच्या पट्टीवर मात होईल, तेव्हा हत्ती घरी आणून राखण करू. हत्ती b8 खेळलो. काकांनी राजा f6 वर आणला. मी b6 वरून शह दिला, तर त्यांनी शांतपणे प्यादं e6 वर सरकवून शह अडवला. आता हत्ती a8 वर आला की मात ठरलेली. घाईघाईत हत्ती परत b8 वर नेला, त्यांनी हत्ती h7 वर नेला, आता h8 वरून मात. राजा d8 ला पळाला तर h8 वरून शह, मग हत्ती कटतात आणि त्यांचं प्यादं वजीर होतं. f8 ला गेला तर h8 वर तिथल्या तिथे मात. मी घड्याळ थांबवून हात पुढे केला.

बाहेर चहा पिताना काका म्हणाले, "हत्ती मागं कशाला नेलास रे? राजाला वर येऊच द्यायचं नव्हतं."

बरोबरीची चाल होती हत्ती b6. बस्स. हत्ती त्या सहाव्या आडव्या पट्टीवर उभा राहिला की गोऱ्या राजाला f6 वर पाय ठेवता येत नाही. आपण त्याच पट्टीवर इकडून तिकडे हत्ती हलवत राहायचं. पुढे जायचं तर त्यांना प्यादं e6 वर ढकलावंच लागतं, आणि ज्या क्षणी ते ढकललं त्या क्षणी आपला हत्ती खाली b1 वर. आता राजा f6 वर आला तर f1 वरून शह, e5 वर गेला तर e1 वरून, d6 वर गेला तर d1 वरून. लपायला e6 चं घर होतं, तिथं आता त्याचंच प्यादं बसलंय. याला फिलिडोरची स्थिती म्हणतात. फिलिडोर हा अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू, पोटापाण्याला संगीतकार. म्हणजे हे उत्तर मला सापडायला हवं होतं त्याच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी लिहून झालेलं होतं, आणि मी मात्र कारो-कानच्या अठराव्या चालीपर्यंत पाठांतर करत बसलो होतो.

हिशोब बघा. एका गुणामागे रेटिंग किती हलतं तो के-फॅक्टर माझ्यासारख्याचा २०, म्हणजे त्या अर्ध्या गुणाची किंमत १० रेटिंग. असे तीन डाव म्हणजे ३०. ओपनिंग बदलून वर्षभरात माझे तेवढेही वाढले नव्हते.

"समजलं" आणि "येतं" यात गल्लत करणं

वरचा परिच्छेद वाचून तुम्हाला फिलिडोर समजला असेल. येत नाही अजून. गेल्या महिन्यात एका मुलाला हीच स्थिती मांडून दिली, त्याने तोंडपाठ सांगितली. मग मी पाच मिनिटांचं घड्याळ लावलं, प्यादं c वर सरकवलं आणि गोऱ्याकडून मी बसलो. हत्ती सहाव्या पट्टीवर बरोबर आणला. मी प्यादं पुढे ढकललं तेव्हा मात्र त्याने सवयीने तिथंच आणखी एक चाल केली. तेवढा एक उशीर पुरतो. राजा प्याद्याआड शिरला आणि डाव गेला. उलट चूकही होते: प्यादं पाचव्यावर असतानाच शह देत सुटायचं, मग राजा पुढे जाऊन त्या मोकळ्या घरात आरामात लपतो.

माझी पद्धत शास्त्रीय वगैरे नाही, सवय आहे. स्थिती मांडायची, कॉम्प्युटरला गोरी मोहरी द्यायची, आपण काळ्याकडून पाच मिनिटांत वाचायचं. सलग पाच वेळा वाचलो की प्यादं दुसऱ्या उभ्या पट्टीवर. मग आपण गोरे होऊन जिंकायचा प्रयत्न करायचा, म्हणजे समोरचा कुठं फसवू बघतो ते कळतं. त्यानंतर आठ दिवस हात लावायचा नाही. आठव्या दिवशी, आठवण न करता, थेट घड्याळ लावून बसायचं. तिथं पडलात तर पहिल्यापासून. दोन आठवडे एका स्थितीवर घालवायचे म्हटलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मर्यादाही सांगून ठेवतो: आपला राजा प्याद्यासमोर असेल आणि त्यांचा राजा अजून सहाव्यावर पोचलेला नसेल, तरच हे औषध लागू.

डाव संपल्या संपल्या इंजिन उघडणं

हॉलच्या पायऱ्या उतरता उतरता स्टॉकफिश चालू. ते सांगतं, २७ वी चाल चूक, ही खेळायची होती. खरं आहे ते. पण ती चूक तुम्ही का केलीत हे त्याला माहीत नाही, आणि एकदा उत्तर दिसलं की तुम्हालाही आठवत नाही. "हां, ते दिसलंच होतं" असं प्रत्येकजण म्हणतो. दिसलं नव्हतं.

मी वहीत चार रकाने पाडतो: चालीचा क्रमांक, घड्याळात उरलेली मिनिटं, त्या वेळी मनात काय होतं, आणि चूक कुठल्या जातीची. पहिले तीन रकाने इंजिनशिवाय, त्याच रात्री. चौथा दुसऱ्या दिवशी, इंजिन लावून. जाती माझ्याकडे चारच आहेत: समोरच्याची चाल पाहिलीच नाही, पाहिली पण तिची किंमत चुकीची केली, ठाऊकच नव्हतं, वेळ नव्हता. "ब्लंडर" एवढंच लिहिलं तर ते निदान नव्हे, "अंग दुखतंय" म्हटल्यासारखं आहे. या चौघांचे उपाय वेगळे. ठाऊक नव्हतं, तर वर सांगितलेला सराव. वेळ नव्हता, तर पंधराव्या चालीला घड्याळ किती होतं ते बघा. बहुधा ज्या चालीत दोनच पर्याय होते तिथं वीस मिनिटं गेलेली सापडतात. मोजायला पंधरा-वीस डाव तरी हवेत. तीन डावांवरून काढलेला निष्कर्ष मी ऐकूनही घेत नाही.

समोरच्याची चाल न पाहण्यावर जुने लोक सांगायचे, चाल आधी लिही, मग खेळ. तसं आता करू नका. फिडेच्या नियमात चाल आधी लिहून ठेवायला मनाई आहे, पंच येऊन टोकतील. मी दोन्ही हात मांडीखाली घेतो आणि ठरवलेली चाल मनातल्या मनात करून विचारतो: आता त्याच्याकडे शह कुठले, मारामारी कुठली? पंधरा सेकंद लागतात. हास्यास्पद दिसतं, पण माझ्या त्या सातांचे पुढच्या वर्षी दोन झाले.

पझल उधळणं

फोनवर रोज पन्नास पझल, तेही बसमध्ये. पहिली चाल अंदाजाने टाकायची, हिरवं आलं की पुढं. अरे, पझल म्हणजे "इथं काहीतरी आहे" असं कुणीतरी आधीच कानात सांगितलेलं असतं. डावात कोण सांगणार? चाळीस मिनिटांत पाच करा, पूर्ण मार्ग समोरच्याच्या सर्वांत चिवट उत्तरासकट कागदावर लिहा, मगच पटाला हात लावा. आणि त्यात स्वतःच्या डावातल्या चुकीच्या दोन चाली आधीच्या स्थिती मिसळा. मी त्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर काढून ठेवतो. काहींमध्ये मारण्यासारखं काहीच नसतं, साधी चाल करून गप्प बसायचं असतं. तिथंच खरी परीक्षा होते.

उरलेल्या, थोडक्यात

स्पर्धेच्या आदल्या रात्री ब्लिट्झ खेळू नका. एकाच वेळी तीन दुखणी हातात घेऊ नका. सहा आठवडे एक. दर दोन महिन्यांनी प्रशिक्षक बदलू नका, माझ्याकडे येण्यासाठीसुद्धा.

आणि मार्च २०२४ मध्ये तुमचं रेटिंग एका रात्रीत १५०० चं १७०० झालं असेल, तर त्याला प्रगती म्हणू नका. फिडेने त्या महिन्यात २००० च्या खालच्या सगळ्यांनाच वर उचललं होतं. गेल्या रविवारी एक पालक हाच आकडा दाखवून म्हणाले, "बघा, क्लास लावायच्या आधीच दोनशे वाढले होते, आता का वाढत नाही?" मी मुलाची वही मागितली. तिसरा रकाना कोरा होता.