बाळ कण्हतंय की कुरकुरतंय? नवजात बाळाचा श्वास असा बघा

दोन तासांच्या बाळाची आजी मला म्हणाली, "सिस्टर, बघा तरी, झोपेत गुणगुणतंय!" मी दुपटं बाजूला केलं. प्रत्येक श्वास सोडताना बारीकसा 'अंह' आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा. गुणगुणणं कसलं, बाळ कण्हत होतं.

नवजात बाळाचं कण्हणं म्हणजे दुखणं नव्हे. श्वास सोडला की फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे मिटायला बघतात. ते मिटू नयेत म्हणून बाळ घसा अर्धवट आवळून हवा आत धरून ठेवतं, आणि त्या अडलेल्या हवेचा तो आवाज. बाळं शी करताना, आळस देतानाही कुंथतात, पण तो आवाज येतो आणि थांबतो. श्वासागणिक येणारा आवाज वेगळा. तो ऐकू आला तर घरी वाट बघू नका.

आता बघायचं कसं ते सांगते. बाळ शांत किंवा झोपलेलं हवं. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा कामाचा नाही. उजेडात, उबदार खोलीत झबलं वर करा आणि छाती-पोटाकडे बघत पोट एकदा वर आलं की एक, असं पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारनं गुणणं इथे चालत नाही, कारण नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मग पाच-सात सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. हे नेहमीचंच. मिनिटाला ४० ते ५९ ठीक. ६० किंवा जास्त आले तर लगेच पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर श्वास जलद आहे.

मोजून झालं की खालच्या बरगड्यांकडे बघा. नवजात बाळाची छाती मऊ असते, त्यामुळे थोडीशी आत जाणं दिसतंच. पण श्वास घेताना पोट वर आणि छातीचा खालचा भाग स्पष्टपणे, खोल आत जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, तर बाळ श्वासासाठी झगडतंय. रंग जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला बघा. पहिल्या दिवशी तळहात-तळपाय निळसर असू शकतात, जीभ नाही.

आमच्या त्या बाळाचा श्वास ७४ होता. ३६ आठवड्यांचं, सिझेरियनचं, वजन २ किलो २००. पाय गार लागत होते, म्हणून आधी वॉर्मरखाली घेतलं, कारण गारठ्यानंही धाप वाढते. मग उजव्या हाताला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा नवजात बाळाचा प्रोब लावला. उजवाच हात, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा अंदाज तिथे येतो. मोठ्या माणसांचा बोटाला लावायचा चिमटा बाळाला लावू नका, आकडा फसवा येतो.

ऑक्सिजन ८६ टक्के दिसला. जन्मानंतर पहिल्या काही मिनिटांत हा आकडा कमी असतो, पण दोन तासांनी ९० च्या खाली म्हणजे ऑक्सिजन लावायचाच. नुसता श्वास जलद आणि आकडा ९५ असेल तर ऑक्सिजन देऊन काही साधत नाही, धाप कशामुळे लागली ते शोधावं लागतं. आमच्या बाळाला नाकातल्या नळीनं मिनिटाला अर्धा लिटर ऑक्सिजन सुरू केला, आकडा ९२ वर आला. घरच्यांना हायसं वाटलं, पण खळगा तसाच होता, कण्हणंही. म्हणून डॉक्टरांनी सीपॅप लावलं. बाळ घसा आवळून जे करत होतं, तेच हे यंत्र नाकातून हवेचा दाब देऊन करतं. ऑक्सिजन देतानाही आकडा ९० ते ९५ मध्येच ठेवतात. जास्त ऑक्सिजननं कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो. दुसऱ्या दिवशी श्वास ५२ वर आला. फुप्फुसातलं पाणी मुरायला वेळ लागला होता. प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. जंतुसंसर्गही सुरुवातीला अगदी असाच दिसतो.

कण्हणं अचानक थांबलं आणि बाळ मलूल पडलं, तर ते बरं वाटण्याचं लक्षण समजू नका. बाळ थकलेलं असतं, पुढे श्वासच थांबू शकतो. २० सेकंद श्वास थांबला तर तळपायाला टिचकी मारा, पाठ चोळा आणि निघा.

घरी असाल तर १०८ ला फोन करा आणि नवजात बाळांचा विभाग असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यायला सांगा. धाप असताना दूध, गुटी, मध काहीही तोंडात घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. शेवटचं दूध किती वाजता पाजलं ते मात्र डॉक्टरांना सांगा. बाळाला धाप लागली की 'डबा झालाय' म्हणून पोटाला चटके देणारे अजून भेटतात. त्यांच्या हाती बाळ देऊ नका. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं धरा, टोपी घाला, वरून शाल घ्या. मान पुढे वाकू देऊ नका, आणि चेहरा दिसत राहील एवढी शाल उघडी ठेवा.