टाकीतलं शेवाळ कसं गेलं

जळगावला आमच्या गच्चीवर हजार लिटरची पिवळी प्लास्टिकची टाकी होती. कितीही धुतली तरी नळाच्या जाळीत हिरवे धागे यायचेच. एकदा भर दुपारी झाकण जरासं उचलून आत पाहिलं, तर भिंती कंदिलासारख्या उजळलेल्या! ऊन आरपार येत होतं, म्हणूनच शेवाळ.

सिमेंटच्या टाकीत पाणी गार राहतं, पण आमच्या जुन्या स्लॅबला ते वजन झेपलं नसतं आणि खरखरीत कोपरे घासायला आत उतरावं लागतं. स्टीलमध्ये उजेड शिरत नाही, धुणंही सोपं; पण एकेरी पत्र्यात मे महिन्यात पाणी चांगलंच तापतं, शिवाय आमच्या बोअरच्या खारट पाण्याने त्याला बारीक खड्डे पडू शकतात.

शेवटी मधे काळा थर असलेली पांढरी टाकी घेतली, वर शेडनेट बांधली. आता वर्षातून दोनदा तळाचा गाळ काढतो. जाळीत हिरवं काही सापडत नाही.